होर्डिंगची विंड लोड नोट: वाऱ्याच्या वेगापासून पायाच्या मापापर्यंत

मोठं होर्डिंग उभारायची परवानगी मागितली की स्ट्रक्चरल स्थिरतेच्या दाखल्यासोबत वाऱ्याच्या भाराची गणितं मागितली जातात. नवख्या इंजिनिअरच्या हातात बहुतेक वेळा आधीच्या कुठल्या तरी कामाची एक्सेल शीट येते. त्यात लांबी, रुंदी, उंची भरली की खाली 'सेफ' असं उमटतं. शीटमधला प्रत्येक आकडा कुठून आला हे विचारलं की मात्र गाडी अडते. म्हणून इथे एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताने सोडवतो. कोड आपला नेहमीचा, आयएस ८७५ (भाग ३) : २०१५. पायाच्या स्थिरतेसाठी आयएस ४५६ : २०००.

उदाहरण असं: एकाच खांबावरचा फलक, म्हणजे युनिपोल. फलक १२ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच. फलकाची खालची कड जमिनीपासून ६ मीटरवर, वरची १२ मीटरवर. खांबाचा पाइप ९०० मिमी व्यासाचा, फलक खांबाच्या बरोबर मध्यावर. जागा सपाट, महामार्गाकडेची, आजूबाजूला शेतं. वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद.

## १. आधी एवढं जमवा

- जागेचा नकाशा. त्यावर उत्तर दिशा, फलकाचं तोंड कुठे आहे ते, आणि चारही बाजूंना साधारण अर्धा-एक किलोमीटर काय आहे ते
- जागेचे चारही दिशांचे फोटो (सॅटेलाइट नकाशा जुना असू शकतो)
- सॉइल रिपोर्ट: मातीचे थर, धारणक्षमता, आणि पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत चढतं ते
- फॅब्रिकेटरचं ड्रॉइंग आणि पोलादाचं एकूण वजन
- जमिनीखालून जाणाऱ्या केबल, गटार, पाइपलाइन यांची माहिती
- आयएस ८७५ (भाग ३) ची २०१५ची आवृत्ती. १९८७च्या आवृत्तीवर बेतलेल्या शीट अजून फिरतात, त्यांच्यात पुढे येणारे काही गुणक नसतात.

सॉइल रिपोर्टशिवाय नोट सुरू करू नका. 'शेजारच्या इमारतीचा आहे' म्हणून दिलेला रिपोर्ट चालवून घेऊ नका, कारण होर्डिंग बहुतेकदा रस्त्याच्या भरावाच्या कडेला येतं आणि भरावाची माती इमारतीखालच्या मातीसारखी नसते.

## २. मूळ वेग आणि 'तात्पुरतं' या शब्दाचा सापळा

कोडमधला मूळ वेग म्हणजे मोकळ्या जागेत, जमिनीपासून १० मीटरवर, तीन सेकंदांच्या झोताचा, पन्नास वर्षांत एकदा अपेक्षित असलेला वेग. आपले ४४ मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. क्लायंट म्हणेल, 'आमच्याकडे एवढा वारा कधी सुटलाच नाही, बातम्यांत तर साठ-सत्तर सांगतात.' बातम्यांतला आकडा बऱ्याचदा काही मिनिटांच्या सरासरीचा असतो, झोताचा नसतो. दोन्हींची तुलनाच होत नाही.

या वेगाला चार गुणक लागतात:

```
Vz = Vb × k1 × k2 × k3 × k4
```

k1 हा जोखमीचा गुणक. नेहमीच्या बांधकामाला तो १.०. कोडच्या तक्त्यात तात्पुरत्या शेडसाठी पाच वर्षांचं आयुष्य धरलेलं आहे आणि ४४च्या वेगाला त्याचा गुणक ०.७३ येतो. होर्डिंगचा परवाना ठरावीक मुदतीचा असतो, म्हणून हा आकडा उचलण्याचा मोह होतो. पण दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. ०.७३चा वर्ग ०.५३, म्हणजे एका ओळीत जवळजवळ निम्मा भार गायब! परवाना नूतनीकरण होत राहतो, खांब वर्षानुवर्षं तोच असतो, आणि खाली रस्त्यावर माणसं असतात. k1 = १.० धरा आणि त्यावर वाद घालू नका.

k3 जमिनीच्या उंचसखलपणाचा. सपाट जागेला १.०. टेकडीच्या माथ्यावर किंवा कड्याजवळ तो वाढतो, १.३६ पर्यंत जातो. घाटमाथ्याच्या होर्डिंगला हा विसरला तर मोठी चूक होते. k4 चक्रीवादळाच्या किनारपट्टीतल्या महत्त्वाच्या बांधकामांसाठी आहे. आपल्या उदाहरणात १.०.

## ३. जागा किती उघडी आहे

k2 हा गुणक उंची आणि भूप्रदेशाचा प्रकार यांवर ठरतो, आणि नोट तपासणारा सगळ्यात जास्त प्रश्न इथेच विचारतो.

कोडमध्ये चार प्रकार आहेत. प्रकार १ म्हणजे अडथळाच नसलेला, समुद्राकाठासारखा किंवा सपाट माळासारखा. प्रकार २ म्हणजे शेतं, विखुरलेली झाडं, एखाददुसरं घर. प्रकार ३ म्हणजे दहा मीटरपर्यंतची दाट घरं किंवा झाडी. प्रकार ४ म्हणजे उंच इमारतींची गर्दी. शहराच्या हद्दीत आहे म्हणून सरसकट प्रकार ३ लिहिलेला मी बऱ्याच नोटांत पाहतो. शहरातलं होर्डिंग मुद्दाम अशा ठिकाणी लावलेलं असतं की ते लांबून दिसावं: चौकाच्या तोंडाशी, पुलाच्या उताराला, रेल्वेच्या मोकळ्या पट्ट्याशेजारी, खाडीकडे तोंड करून. ज्या बाजूने ते लांबून दिसतं, त्याच बाजूने वाराही विनाअडथळा येतो. म्हणून फलकाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूने, वारा ज्या पट्ट्यातून येणार तो पट्टा नकाशावर आखा आणि दोन्हींतला जास्त उघडा प्रकार घ्या. समोर सहापदरी रस्ता सरळ रेषेत येत असेल तर त्या दिशेला प्रकार २च.

फरक किती पडतो? १२ मीटर उंचीला प्रकार २चा k2 तक्त्यातून मधला आकडा काढून १.०२ येतो (१० मीटरला १.००, १५ मीटरला १.०५). प्रकार ३चा ०.९३ येतो. वर्ग केला की भारात साधारण १६ टक्क्यांचा फरक. हे काही k1 इतकं भयंकर नाही, पण पायाचं माप बदलायला पुरेसं आहे.

उंची फलकाच्या वरच्या कडेची घ्या, मध्याची नको. रस्ता भरावावर असेल आणि खांब भरावाच्या माथ्यावर असेल, तर वारा ज्या शेतावरून येतो तिथपासून उंची मोजा. होर्डिंग इमारतीच्या गच्चीवर असेल तर रस्त्यापासून.

शेजारी दुसरं होर्डिंग किंवा इमारत आडोसा देते म्हणून काही कमी करू नका. ते होर्डिंग उद्या काढलं जाईल, तुमचं तिथेच राहील.

## ४. वेगापासून दाबापर्यंत

```
Vz = 44 × 1.0 × 1.02 × 1.0 × 1.0 = 44.9 m/s
pz = 0.6 × Vz² = 0.6 × 44.9² ≈ 1210 N/m² = 1.21 kN/m²
pd = Kd × Ka × Kc × pz
```

Kd दिशेचा गुणक. भरीव फलकांना कोड ०.९ घेऊ देतो, चक्रीवादळाच्या पट्ट्यात मात्र १.० घ्यायचा. Kc इमारतीच्या आतल्या-बाहेरच्या दाबाच्या बेरजेसाठी आहे, फलकाला १.०. Ka क्षेत्रफळाचा गुणक. आपल्या ७२ चौरस मीटरला तक्त्याप्रमाणे तो ०.८४च्या आसपास येईल, पण मी १.० धरतो. या गुणकामागची कल्पना अशी, की मोठ्या पृष्ठभागावर सगळीकडे एकाच क्षणी सर्वाधिक दाब येत नाही. पण ४५ मीटर प्रति सेकंद वेगाचा तीन सेकंदांचा झोत सुमारे १३५ मीटर लांब असतो, आणि आपला फलक फक्त १२ मीटरचा. असा झोत तो अख्खा गिळतो. ही सवलत घेतली तर ती कोडच्या विरुद्ध होत नाही. मी एका खांबावरच्या रचनेला ती घेत नाही, एवढंच. तुम्ही घेतलीत तर अंतिम दाब pz च्या ०.७ पटीखाली जाणार नाही हे तपासा.

```
pd = 0.9 × 1.0 × 1.0 × 1.21 = 1.09 kN/m²
```

## ५. दाब गुणांक

इथे लोक इमारतीच्या भिंतीचा तक्ता उघडतात आणि चुकतात. इमारतीच्या भिंतीला मागे खोली असते. फलकाच्या पुढच्या बाजूला वारा ढकलतो आणि त्याच वेळी मागच्या बाजूला ओढतो. या दोन्हींची बेरीज एकाच बल गुणांकात बसवलेली आहे. मोकळ्या भिंती आणि होर्डिंगसाठी कोडमध्ये वेगळा तक्ता आहे, तो रुंदी आणि उंचीच्या गुणोत्तरावर चालतो. जमिनीपासून वर उचललेल्या फलकाला, खालची मोकळी जागा फलकाच्या उंचीच्या पाव पट किंवा जास्त असेल तर, आणि गुणोत्तर ०.५ ते ६ असेल तर गुणांक १.२. आपलं गुणोत्तर १२ भागिले ६, म्हणजे २. खाली ६ मीटर मोकळं आहे. गुणांक १.२ लागू.

```
F = Cf × A × pd = 1.2 × 72 × 1.09 ≈ 94 kN
```

हे बल फलकाच्या मध्यावर, जमिनीपासून ९ मीटरवर. खांबाच्या ६ मीटर उघड्या भागावर आणखी ४ किलोन्यूटनच्या आसपास. जमिनीच्या पातळीला मोमेंट: ९४.२ × ९ = ८४८, अधिक खांबाचे १३, एकूण ८६१ किलोन्यूटन-मीटर.

हा तक्ता १५ मीटरपर्यंतच्या उंचीसाठी आहे, हे विसरू नका. १३ मे २०२४ला घाटकोपरला कोसळलेलं होर्डिंग १२० फूट बाय १२० फुटांचं होतं. त्या दुर्घटनेत १७ जणांचा जीव गेला. त्या मापाची रचना या लेखातल्या पद्धतीच्या पूर्ण बाहेरची. ४० फुटांच्या चौरसाचा १२० फुटांचा चौरस केला की क्षेत्रफळ नऊ पट होतं आणि बलाचा मध्य वर सरकल्याने मोमेंट नवाहून अधिक पट. तिथे झोताच्या गतिशील परिणामाचं वेगळं विश्लेषण लागतं. 'तेच डिझाइन, जरा मोठं' असं काही नसतं.

आणखी एक युक्तिवाद हमखास कानावर येतो: 'जोराचा वारा आला की फ्लेक्स फाटतं, मग भार येतच नाही.' फ्लेक्स नेमकं कधी फाटेल याची हमी कोणी देत नाही. मागे पत्रा असेल तर ते फाटूनही काही होत नाही. नोटेत या वाक्याला जागा नाही.

## ६. तिरका वारा आणि खांबाचा पीळ

दोन खांबांच्या होर्डिंगवरून बेतलेल्या शीटमध्ये हा भाग सहसा नसतो, आणि युनिपोलला तोच महागात पडतो. वारा तिरका आला की वाऱ्याकडच्या कडेला दाब जास्त, दुसऱ्या कडेला कमी. कोड म्हणतो, एका कडेला गुणांकाच्या १.७ पट आणि दुसऱ्या कडेला ०.४४ पट धरून सरळ रेषेत उतरता दाब तपासा. सरासरी १.०७ येते, म्हणजे एकूण बल ७ टक्क्यांनी वाढतं. शिवाय बलाचा मध्य फलकाच्या मध्यापासून रुंदीच्या सुमारे एक दशांश सरकतो.

```
F   = 1.07 × 94.2 ≈ 101 kN
e   ≈ 0.098 × 12 = 1.18 m
T   = 101 × 1.18 ≈ 119 kN·m
V   = 101 + 4 = 105 kN
M   = 101 × 9 + 13 ≈ 920 kN·m
```

T म्हणजे खांबाला बसणारा पीळ. गोल पाइपला तो सहसा झेपतो. अडचण येते ती पाइपच्या डोक्यावर आडवे गर्डर जोडलेले असतात त्या वेल्डला आणि बेस प्लेटच्या बोल्टना. फलक खांबाच्या एकाच बाजूला झेंड्यासारखा असेल तर सरळ वाऱ्यालाही बल खांबापासून दूर असतं, आणि पीळ याच्या कित्येक पट होतो. फलक खांबाच्या पुढे बसवलेला असेल तर त्याच्या स्वतःच्या वजनाचा मोमेंटही M मध्ये मिळवावा लागेल.

यापुढे पायासाठी हेच आकडे: १०५ आणि ९२०.

## ७. पाया: उलथतो की नाही

होर्डिंगचा पाया वजनाखाली खचून क्वचितच जातो. तो उलथतो. वरचं सगळं पोलाद मिळून ६० किलोन्यूटन धरलं आहे, म्हणजे सहा टन. एवढ्या वजनाने ९२० किलोन्यूटन-मीटर थोपवता येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त काँक्रीट आणि त्यावरच्या मातीवर.

पहिली गोष्ट, मोमेंट पायाच्या तळाशी न्या. तळ जमिनीखाली २ मीटरवर असेल तर:

```
M_तळ = 920 + 105 × 2.0 = 1130 kN·m
```

ही २१० ची भर शीटमध्ये गाळलेली वारंवार सापडते. नोट तपासताना मी सगळ्यात आधी हीच ओळ शोधतो.

आयएस ४५६ सांगतं की वाऱ्याच्या उलथवणाऱ्या मोमेंटला १.४ने गुणा आणि थोपवणाऱ्या स्थिर वजनाचे ०.९च धरा. गरज: १.४ × ११३० = १५८२ किलोन्यूटन-मीटर.

५ मीटर बाय ५ मीटर, ०.७ मीटर जाडीचं फूटिंग घेऊ. काँक्रीट २५ × ०.७ × २५ = ४३८ किलोन्यूटन. वरची १.३ मीटर माती, १८च्या घनतेने, ५८५. पोलाद ६०. बेरीज सुमारे १०८२.

```
थोपवणारा = 0.9 × 1082 × 2.5 = 2434 > 1582
e = 1130 / 1082 = 1.04 m
जमिनीला टेकलेली लांबी = 3 × (2.5 − 1.04) = 4.37 m
कमाल दाब = 2 × 1082 / (5 × 4.37) = 99 kN/m²
```

उत्केंद्रता रुंदीच्या एक षष्ठांशाहून (०.८३) जास्त आहे, म्हणजे पायाची एक कड किंचित उचलते. सुमारे ८७ टक्के तळ टेकलेला राहतो, तो मला चालतो. त्याऐवजी ४.५ मीटरचं फूटिंग घेतलं तर उलथण्याची तपासणी तरीही पास होते, पण तळ जेमतेम ६५ टक्के टेकतो. दर वादळाला पाया असा डुलत राहिला की कडेची माती दबत जाते आणि खांब हळूहळू कलतो. म्हणून नुसत्या 'सेफ'वर थांबू नका, टेकलेली टक्केवारी लिहा.

आता पावसाळा. सॉइल रिपोर्टमध्ये पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत येतं असं असेल, तर पाण्याखालच्या काँक्रीटचं परिणामी वजन २५ऐवजी १५ आणि मातीचं १८ऐवजी ८च्या आसपास:

```
काँक्रीट 17.5 × 15 = 263
माती    32.5 × 8  = 260
पोलाद               60
एकूण               583 kN
थोपवणारा = 0.9 × 583 × 2.5 = 1312 < 1582
```

तोच पाया नापास. आणि मोठ्या वादळाच्या वेळी जमीन भिजलेली असण्याचीच शक्यता जास्त. फूटिंग ६ मीटर बाय ६ मीटर केलं की वजन ८१२ येतं, थोपवणारा मोमेंट २१९२, आणि तळ ८० टक्के टेकतो. पाणी चढणाऱ्या जागी हेच माप द्यावं लागेल. क्लायंटला जागा कमी पडते म्हणून इथे वाटाघाटी सुरू होतात. तेव्हा माप कमी करण्याऐवजी पाइल पाया सुचवा, पण त्याला वर खेचणाऱ्या बलाची वेगळी तपासणी लागेल.

मातीचं वजन पुन्हा पाहा. कोरड्या गणितात १०८२ पैकी ५८५, म्हणजे निम्म्याहून जास्त थोपवण्याचं काम वरचा भराव करतो. उद्या कोणी गटारासाठी चर खणला आणि ती माती काढली, तर ०.९ × ४९८ × २.५ = ११२० उरतात. पाया उलथण्याच्या गणितात नापास, आणि वरून पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसणार नाही. म्हणूनच यादीत केबल आणि गटारांची माहिती मागितली. १८ची घनताही थर देऊन दाबलेल्या भरावाची आहे. नुसती लोटलेली माती तेवढी भरत नाही.

घसरणं इथे निर्णायक नाही: १.४ × १०५ = १४७ लागतात, आणि पाण्यातल्या ६ मीटरच्या पायाला ०.४ घर्षण धरूनही २९२ मिळतात. फूटिंगची बाजू फलकाला समांतर ठेवा. ते तिरकं बसलं तर मोमेंट कोपऱ्यावर येतो आणि वरचं एका दिशेचं गणित लागू राहत नाही.

## ८. बोल्ट

समजा १२ अँकर बोल्ट १.३ मीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत. सगळ्यात ताणलेल्या बोल्टवर:

```
4M/(n·D) − W/n = 4 × 920 / (12 × 1.3) − 60/12 ≈ 231 kN
```

भारगुणक याच्यावर वेगळा. हा ताण बोल्ट काँक्रीटमध्ये किती खोल आहे आणि खाली अँकर प्लेट आहे का, यावर उतरतो. साइटवर बोल्ट जागेवर बसत नाहीत म्हणून कापून पुन्हा वेल्ड केलेले आढळले, तर दाखला देऊ नका.

## ९. नोटेत शेवटी काय लिहावं

गृहीतकं आकड्यांसह एका पानावर: मूळ वेग, भूप्रदेशाचा प्रकार आणि तो निवडण्याचं कारण, फलकाचं माप, पाण्याची पातळी, भरावाची घनता, पोलादाचं वजन. त्याखाली ही नोट कधी बाद होते तेही स्पष्ट शब्दांत: फलक मोठा केला, मागच्या बाजूला दुसरा फलक किंवा एलईडी स्क्रीन चढवली, पायापासून ५ मीटरच्या आत खोदकाम झालं, किंवा समोरची वस्ती पाडून जागा उघडी झाली तर. ड्रॉइंगचा क्रमांक आणि आवृत्ती दोन्ही नोंदवा. फॅब्रिकेटरने नंतर बदललेल्या ड्रॉइंगला तुमची जुनी सही जोडली जाऊ नये, याचा दुसरा बंदोबस्त नाही.